गच्चीवरची माती आणि तिच्यातले रहिवासी

प्रस्तावना

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात २००२ सालापासून एक नियम आहे. नवी इमारत सपाट छपराची असेल, तर त्या छपरावर माती घालून वनस्पती वाढवाव्या लागतात. हिरव्या छपरांचे नियम पुढे इतर शहरांनीही केले. कॅनडातल्या टोरांटो शहराने २००९ मध्ये केला. बाझेलच्या नियमाचा मला आदर वाटतो तो त्यातल्या बारकाव्यांमुळे. माती आसपासच्या प्रदेशातली असावी, बियाणे तिथल्याच रानफुलांचे असावे, मातीचा थर निदान दहा सेंटीमीटर असावा, आणि तो साऱ्या छपरावर एकसारखा पसरू नये. मधूनमधून सुमारे तीस सेंटीमीटर उंच आणि तीन मीटर रुंद असे उंचवटे ठेवावेत. हे उंचवटे शोभेसाठी नाहीत, पाण्याच्या निचऱ्यासाठीही नाहीत. ते कीटकांसाठी आणि मातीतल्या इतर लहान जिवांसाठी आहेत. इमारत मंजुरीच्या कागदांत भुंगेऱ्यांच्या निवाऱ्याची सोय करणारे हे शहर या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल.

हिरव्या छपरांबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात दोन आश्वासने नेहमी जोडीने येतात: गच्ची हिरवी केली की शहर थंड होईल, आणि फुलपाखरे-मधमाश्या परत येतील. दोन्हींत तथ्य आहे. पण ही दोन कामे एकच गच्ची एकाच वेळी सारख्याच चोखपणे करते, हे गृहीत धरले जाते आणि ते मला पटत नाही. गारव्यासाठी लागणारी गच्ची आणि कीटकांसाठी लागणारी गच्ची यांच्या गरजा काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी स्पष्टपणे विरुद्ध जातात. महाराष्ट्राच्या हवामानात हा विरोध सर्वांत टोकाला जातो तो एप्रिल-मे महिन्यांत. त्याची उकल करणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

आधी बाझेलचीच गोष्ट पुरी करू. ऱ्हाईन नदी एकेकाळी या भागात अनेक फाट्यांनी वाहत असे. पुरात गोट्यांची आणि वाळूची बेटे तयार होत, पुढच्या पुरात मोडत. या उघड्या, तापणाऱ्या, कोरड्या काठांवर राहणाऱ्या भुंगेऱ्यांचा आणि कोळ्यांचा एक वेगळाच समाज होता. एकोणिसाव्या शतकात नदीला बांध घालून सरळ केले गेले आणि ही बेटे जवळजवळ नाहीशी झाली. त्यांच्यावरचे जीव खडी पसरलेल्या रेल्वेच्या आवारांत, पडीक जागांत कसेबसे टिकून राहिले. श्टेफान ब्रेनआयझेन या अभ्यासकाने विचारलेला प्रश्न असा, की नदीकाठची ही परिस्थिती छपरावर उभी करता येईल का? छप्परही उघडे असते, तापते, लवकर कोरडे पडते, आणि तिथे कुणी फिरकत नाही.

त्याने बाझेलमधल्या सतरा छपरांवर पाहणी केली. पहिल्या तीन वर्षांत भुंगेऱ्यांच्या २५४ आणि कोळ्यांच्या ७८ जाती सापडल्या. (कोळी म्हणजे कीटक नव्हेत, त्यांना आठ पाय असतात, पण जमिनीलगतच्या जीवनाचा अंदाज घ्यायला ते फार उपयोगी पडतात.) भुंगेऱ्यांपैकी ११ टक्के आणि कोळ्यांपैकी १८ टक्के जाती दुर्मीळ किंवा संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या होत्या. हे आकडे जगभर उद्धृत झाले. त्यांच्यामागचे कारण मात्र तितके सांगितले जात नाही. ज्या छपरांवर पातळ, एकसारखा थर आणि त्यावर सेडम या मांसल पानांच्या वनस्पतीची गादी होती, ती छपरे जाती मोजल्या तर गरीब होती. श्रीमंती होती ती उंचसखल मातीच्या छपरांवर.

उंचसखलपणाने एवढा फरक का पडावा? सहा सेंटीमीटर मातीचा थर उन्हात दोन-तीन दिवसांत तळापर्यंत सुकतो आणि थंडीत तळापर्यंत गोठतो. त्यात असलेल्या अळीला किंवा कोषाला पळायला खाली जागाच नसते, कारण खाली जलरोधक थर आणि सिमेंट. पंचवीस-तीस सेंटीमीटरच्या उंचवट्याच्या पोटात ओल टिकते, तापमान फार वरखाली होत नाही. म्हणजे वाईट दिवसांत तो आसरा होतो. उलट पातळ थराच्या जागी झाडोरा विरळ राहतो, माती उघडी राहते, आणि उन्हात धावून शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांना नेमके तेच हवे असते. दोन्ही प्रकारच्या जागा एकमेकींपासून दोन-चार पावलांवर असल्या, तर मिलिमीटरभर लांबीचा जीवही आपले आयुष्य त्या दोन्हींत वाटून घेऊ शकतो. सगळीकडे मध्यम, सारखा थर दिला तर यांतले काहीच मिळत नाही.

छप्पर दिसायला हिरवे असणे आणि त्यावर अन्न असणे यांतला फरक स्वित्झर्लंडमध्येच एका पक्ष्याने दाखवून दिला. तिथली टिटवी, म्हणजे आपल्या टिटवीची डोक्यावर तुरा असलेली बहीण, सपाट हिरव्या छपरांवर अंडी घालू लागली. शेते आक्रसली होती आणि छपरावर कोल्हे नव्हते. अंडी उबली, पिल्ले बाहेर आली, आणि सुरुवातीच्या हंगामांत ती काही दिवसांतच मेली. टिटवीच्या पिल्लांना आई भरवत नाही. अंड्यातून निघाल्यावर ती स्वतः टिपायला लागतात. पातळ थराच्या छपरावर टिपायला पुरेसे कीटक नव्हते आणि पाणीही नव्हते. आपल्याकडेही टिटवी खडीच्या, डांबराच्या गच्च्यांवर अंडी घालते. तिची अंडी उंचावर दिसली की लोक पावसाचे अंदाज बांधतात. त्या पिल्लांना गच्चीवर काय खायला मिळते, हेही त्याच कुतूहलाने पाहायला हवे.

आता उष्णतेकडे येऊ. शहराचे तापमान आसपासच्या गावांपेक्षा जास्त असते हे ल्यूक हॉवर्डने लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोजून दाखवले होते, आणि हा फरक रात्री जास्त असतो हेही. दगड, काँक्रीट, डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि सूर्य मावळल्यावर सावकाश सोडतात. अरुंद गल्लीत ती उष्णता भिंतीभिंतींतच फिरत राहते. उघडी माती आणि पाने नसल्याने पाण्याची वाफ होऊन उष्णता निघून जाण्याची वाटही बंद असते. अशा तापलेल्या पट्ट्याला उष्णतेचे बेट म्हणतात. प्रत्यक्षात ते एक अखंड बेट नसून ठिपक्यांचा नकाशा असतो. एकाच रस्त्यावर वडाखाली एक तापमान आणि पार्किंगमध्ये दुसरे.

कीटकांच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेवर चालते. त्यामुळे हे ठिपके त्यांच्यासाठी वेगवेगळे देश असल्यासारखे आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅली शहरात एमिली मायनेके, स्टीव्हन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्याकडेच्या ओक वृक्षांवर जे काम केले, ते यासाठी मुळातून समजून घेण्यासारखे आहे. या झाडांवर खवले कीड असते. आपल्याकडे आंबा-पेरूच्या फांद्यांना चिकटलेली दिसते त्याच जातकुळीची. मादी फांदीला चिकटून रस शोषत राहते, हलत नाही. शहरातल्या सर्वांत उष्ण जागी असलेल्या झाडांवर ही कीड थंड जागांच्या तुलनेत तेरा पटींपर्यंत जास्त आढळली.

याला दोन कारणे असू शकत होती. उष्ण जागी झाड तहानलेले, अशक्त असते म्हणून कीड वाढते, किंवा उष्णता थेट किडीलाच मानवते. हे वेगळे करण्यासाठी त्यांनी उष्ण आणि थंड अशा दोन्ही जागच्या झाडांवरची अंडी घेतली आणि ती दोन हरितगृहांत, एका उष्ण आणि एका थंड, वाढवली. उष्ण हरितगृहात उष्ण जागेहून आणलेली कीड सर्वांत चांगली वाढली. म्हणजे त्या किडीच्या पिढ्या आपापल्या झाडाच्या तापमानाला जुळत गेल्या होत्या. एकाच शहरातल्या दोन रस्त्यांवर हे घडले होते. पुढच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली: उष्ण जागी खवले कीड लवकर अंड्यावर येते, पण तिच्या अंगात अंडी घालून तिला मारणाऱ्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या तेवढ्या लवकर येत नाहीत. शत्रू येईपर्यंत कीड पुढे निघून गेलेली असते.

त्याच शहरात रानमधमाश्यांवर झालेल्या पाहणीत उलट चित्र दिसले. तापमान जसे वाढत जाई, तसतशी त्यांची संख्या घटत होती, साधारणपणे दर अंशामागे चाळीस टक्क्यांच्या आसपास. महत्त्वाचे म्हणजे तिथे फुले किती होती याने या घटीत फरक पडला नाही. फुले लावली म्हणजे मधमाश्या येतात, हा आपल्या सगळ्यांचा लाडका समज इथे अडखळतो. फूल असूनही भोवतालची हवा माशीच्या सोसण्यापलीकडे तापलेली असेल, तर ते फूल तिच्या उपयोगाचे नाही. उष्णतेने शहरातले कीटक सरसकट कमी होत नाहीत. रस शोषणारे, एका जागी चिकटलेले, झटपट वाढणारे फोफावतात. उडणारे, शोधणारे, एकेकटे घरटे करणारे मागे पडतात. पुढील प्रकरणांत जातींच्या याद्या येतील, त्या वाचताना हा फरक डोक्यात ठेवावा.

मग गच्चीवरच्या झाडोऱ्याने ही उष्णता किती कमी होते? इथे थोडा हिशोब करावाच लागतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत साधारण पाऊण युनिटला थोडी कमी. मे महिन्यात पुण्यासारख्या ठिकाणी एक चौरस मीटर गच्चीवर दिवसभरात सहा-सात युनिट इतके ऊन पडते. मातीत ओल असेल आणि झाडे जोमात असतील, तर त्या चौरस मीटरमधून दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडून जाऊ शकते. म्हणजे पडलेल्या उन्हाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक नुसत्या वाफेत खर्च होतो. उरलेल्यातले काही पानांवरून परावर्तित होते, काही पानांच्या सावलीमुळे स्लॅबपर्यंत पोचत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा फरक रात्री छताकडे हात केला की कळतो.

पण हे सगळे ओल असेपर्यंत. दहा सेंटीमीटर मातीत, पूर्ण भिजल्यावर, चौरस मीटरला सुमारे तीस लिटर पाणी राहू शकते, आणि त्यातले सगळे मुळांना ओढता येत नाही. दिवसाला तीन लिटर गेले, तर आठवडाभरात वापरण्याजोगे पाणी संपते. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस संपतो आणि जूनपर्यंत येत नाही. गारव्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा पातळ थराची गच्ची महिनोन्‌महिने कोरडी असते. मग ती मातीने झाकलेल्या स्लॅबइतकाच फायदा देते, झाडाचा नाही. तो फायदाही कमी नाही, पण पाणी न घालता मे महिन्यात हिरवी आणि थंड गच्ची मिळेल असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. शंभर चौरस मीटर गच्ची मे महिन्यात भिजती ठेवायला रोज तीनशे लिटरच्या आसपास पाणी लागेल. ज्या सोसायटीला मे महिन्यात टँकर मागवावा लागतो, तिने नुसत्या गारव्यासाठी हे करू नये असे माझे मत आहे. तिथे गच्चीला पांढरा चुना मारणे स्वस्त आणि पुष्कळसे परिणामकारक आहे. आणि एक गच्ची स्वतःची स्लॅब थंड करते, खालचा रस्ता करत नाही. त्या रस्त्यावरच्या झाडाची खवले कीड दहा मजले वरच्या हिरवळीने कमी होणार नाही.

इथून कीटकांची बाजू वेगळी होते. कोरडी, तपकिरी, मेल्यासारखी दिसणारी गच्ची गारव्यासाठी फारशी कामाची नाही. कीटकांसाठी ती निरुपयोगी आहेच असे नाही. याचा पुरावा आपल्या घराजवळ आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे सडे, सातारा जिल्ह्यातले कासचे पठार त्यांपैकी सर्वांना ठाऊक असलेले, म्हणजे जांभ्याचा खडक आणि त्यावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती. जून ते ऑक्टोबर पाणी साचलेले, नोव्हेंबरपासून तापलेला दगड. कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे जेरेमी लुंडहोल्म यांनी २००६ मध्ये मांडले की हिरव्या छपरासाठी वनस्पती निवडताना बागेकडे न पाहता निसर्गातल्या अशा खडकाळ, उथळ मातीच्या जागांकडे पाहावे, कारण छप्पर ही मूलतः तशीच जागा आहे. युरोपने नदीचे गोटे आणि डोंगरकडे पाहिले. आपण सडे पाहायला हवेत.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो: सड्यावरून रोपे, कंद किंवा माती उचलून आणायची नाही. सड्यांवर पर्यटनाचा, खाणींचा आणि पवनचक्क्यांच्या रस्त्यांचा भार आधीच आहे, आणि तिथल्या अनेक वनस्पती दुसरीकडे जगत नाहीत. सड्याकडून घ्यायची ती रचना: उथळ खळगे, वीतभर मातीचे कप्पे, उघडा दगड, सुट्या दगडांखालची सावली, आणि सात महिने न भिजण्याची मुभा. तिथले कीटक उन्हाळा अंड्यांत, कोषांत, दगडांच्या भेगांत काढतात. पहिल्या पावसानंतर काही आठवड्यांत सारे पठार गजबजते. गच्चीवरही ते घडू शकते, पण एप्रिलमध्ये कुणी ‘सुकलेला कचरा’ म्हणून झाडून पोत्यांत भरला नाही तरच. सोसायटीच्या उन्हाळी साफसफाईत गेलेल्या वाळलेल्या काड्यांबरोबर पुढच्या वर्षीचे कीटकही जातात.

वनस्पतींच्या बाबतीत फार दूर जायची गरज नाही. गच्चीच्या सांध्यांत आपोआप उगवणारी घोळ ही उथळ मातीला आणि कोरडेपणाला सरावलेली भाजी आहे, आणि छोटा चांदवा या फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. त्याची मादी विषारी बिबळ्या कडव्या फुलपाखरासारखी दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. पानफुटी कुंडीतून मातीवर आली की जवळजवळ पाण्याशिवाय राहते, आणि रेड पिएरो या काळ्या, पांढऱ्या, केशरी रंगाच्या फुलपाखराची अळी तिच्या मांसल पानाच्या आत शिरून ते पोखरते. पानावर पांढुरके, पोकळ डाग दिसले की बहुतेक लोक कीटकनाशक आणतात. दोन्ही झाडे नर्सरीत क्वचितच मानाने विकली जातात, पण ओळीने लावलेल्या शोभेच्या हिरवळीपेक्षा कीटकांच्या दृष्टीने ती फार मोलाची आहेत.

मधमाश्यांना खायला फूल लागते तसे घर लागते, आणि इथे बहुतेक गच्च्या चुकतात. जगातल्या बहुतांश रानमधमाश्या पोळे करत नाहीत. त्या जमिनीत बीळ खणतात. हिरवळीची गादी किंवा काथ्याची चटई अंथरलेल्या गच्चीत बीळ करायला एक तळहातही उघडी माती नसते. आपला काळा भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करतो, पानाचे गोल तुकडे कापून नेणाऱ्या माश्या नळीसारखी पोकळी शोधतात. एखादा जुना ओंडका, बांबूच्या एका बाजूने बंद असलेल्या नळ्या, आणि उंचवट्याच्या उताराला दोन-तीन चौरस मीटर उघडी, घट्ट माती एवढे पुरे आहे. उंची मात्र आडवी येते. टोरांटोमध्ये स्कॉट मॅकआयव्हर यांनी वेगवेगळ्या उंचीच्या छपरांवर अशा नळ्या ठेवल्या, तेव्हा इमारत जितकी उंच, तितकी मधमाश्यांची आणि गांधीलमाश्यांची घरटी कमी झाली. विसाव्या मजल्यावरच्या गच्चीकडून रानमधमाश्यांची अपेक्षा ठेवू नये. शाळा, दवाखाने, बाजारपेठा, बसस्थानके यांची दोन-तीन मजली छपरे याबाबतीत जास्त कामाची आहेत.

छपरांचा परस्परांशी आणि जमिनीशी संबंधही पाहावा लागतो. झ्युरिकमध्ये चाळीस हिरवी छपरे आणि जमिनीवरच्या चाळीस हिरव्या जागा एकत्र अभ्यासल्या गेल्या. उडणाऱ्या, दूर जाणाऱ्या गटांसाठी, म्हणजे मधमाश्या आणि सोंडे यांच्यासाठी, आसपास आणखी हिरव्या जागा किती आणि किती जवळ आहेत हे महत्त्वाचे ठरले. जमिनीवर चालणारे भुंगेरे आणि कोळी यांच्यासाठी मात्र त्या छपराची स्वतःची परिस्थिती महत्त्वाची ठरली. म्हणून एकाकी गच्चीवर आधी मातीत राहणाऱ्यांची सोय बघावी. माश्यांची अपेक्षा जवळ टेकडी, नदीकाठ किंवा मोठी बाग असेल तिथे धरावी. पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी असलेली गच्ची आणि दाट पेठेतली गच्ची यांना एकच आराखडा देणे चुकीचे होईल.

वजनाचा प्रश्न टाळून चालणार नाही. भारतीय मानकांनुसार वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो, इतका चलभार धरलेला असतो. दहा सेंटीमीटर भिजलेली माती एकटीच त्याच्या आसपास पोचते, आणि तीस सेंटीमीटरचा उंचवटा त्याच्या कितीतरी पलीकडे जातो. हलक्या मिश्रणाने, म्हणजे विटांचा चुरा, नारळाचा भुसा, थोडी माती यांनी, वजन कमी होते. तरीही उंचवटे स्लॅबच्या मधोमध घालू नयेत. ते तुळई आणि खांबांच्या वर यावेत, तेही संरचना अभियंत्याने जुना आराखडा पाहून सांगितल्यावरच. जलरोधकाचे काम आधी, त्यावर मुळे अडवणारा थर, मग निचऱ्याची खडी. निचऱ्याच्या तोंडावर वर्षभर लक्ष ठेवावे लागते. व्यवस्थित निचरा होणाऱ्या मातीत डास होत नाहीत. तुंबलेल्या निचऱ्यात आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत होतात. डेंग्यूचा डास घरगुती पाण्यात सात-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो आणि त्याची अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करून घासाव्या लागतात, नुसते पाणी ओतून भागत नाही. कीटकांची गच्ची डासांची गच्ची होऊ नये, ही शेजाऱ्यांची रास्त मागणी आहे.

या पुस्तकाच्या वाचकांत कुणी आपल्या गच्चीवर नोंदी करणार असेल, तर मोजण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, कारण यातच सर्वांत जास्त फसगत होते. पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या वाडग्यांत साबणाचे पाणी ठेवले की त्यात खूप कीटक पडतात. त्यांतले पुष्कळसे नुसते वरून जाणारे असतात, रंग पाहून खाली आलेले. त्यांना आपल्या गच्चीचे रहिवासी धरले तर कोऱ्या सिमेंटच्या गच्चीचीही यादी लांबलचक होईल. रहिवासी ओळखायचा मार्ग वेगळा आहे: मातीच्या एका चौरस मीटरवर बारीक जाळीचा, खालून चारी बाजूंनी मातीत दाबलेला तंबू उभा करायचा आणि त्याच्या टोकाला बाटली लावायची. त्या मातीत जन्मून जो उडतो, तोच त्या बाटलीत येतो. आपल्याकडे यासाठी सर्वांत चांगला काळ पहिल्या दमदार पावसानंतरचे तीन-चार आठवडे. एक तंबू पातळ थरावर, एक उंचवट्यावर, आणि वाडगे दोन्हींपासून दूर. वाडग्यांत पुष्कळ आणि दोन्ही तंबू रिकामे निघाले, तर ती गच्ची थांबा आहे, घर नाही. उंचवट्याच्या तंबूत भरपूर आणि पातळ थरात काही नाही, असे दिसले, तर खोली पुरेशी आहे आणि पातळ भागात दगड व उघडी माती वाढवून पाहावी. उंचवटाच रिकामा असेल, तर माती कुठून आली होती, तिच्यावर कीटकनाशक मारले होते का, आणि एप्रिलमध्ये ती कुणी खणून ‘मोकळी’ केली का, हे आधी विचारावे.